न्यूट्रल तुटल्यावर गेलेला मेन बोर्ड : औसा तालुक्यातल्या एका प्रिंटरचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका गावात एक ताई ऑनलाइन सेवा केंद्र चालवतात. दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म असं सगळं काम एकाच मशीनवर चालतं. मशीन म्हणजे काळ्या-पांढऱ्या छपाईचा लेझर प्रिंटर. त्यातच स्कॅन आणि झेरॉक्सची सोय आहे, चार वर्षं वापरलेला आहे. जूनच्या सुरुवातीला, म्हणजे दाखल्यांची गर्दी ऐन भरात असताना, तो बंद पडला आणि लातूरला माझ्या टेबलावर आला.

ताईंची तक्रार अशी होती : "दादा, लाईट लागायलीय, पण मशीन काहीच करंना. ड्रायव्हर दोनदा टाकून बघितला. कार्ट्रिज पण बदललं."

त्याआधी गावाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून फ्यूज बदलला होता. फ्यूज बदलल्यावर दिवा पेटला, त्यामुळे वीजपुरवठ्याची अडचण मिटली आणि आता दोष संगणकात किंवा कार्ट्रिजमध्ये असणार असं सगळ्यांनी धरलं. विजेच्या झटक्यानंतर नेमकी हीच समजूत सगळ्यात जास्त वेळ खाते. दिवा पेटणं म्हणजे प्रिंटरचा वीजपुरवठा करणारा भाग जागा आहे, एवढंच. त्यापुढचा मेन बोर्ड, म्हणजे प्रोसेसर असलेली मशीनच्या डोक्याची पाटी, जागा आहे की नाही, हे दिवा सांगत नाही.

त्या संध्याकाळी नेमकं काय झालं

मशीन उघडण्याआधी मी ताईंना त्या दिवसाबद्दल बारकाईने विचारलं. वळवाचा पाऊस यायच्या आधी जोराचं वारं सुटलं होतं. लाईट गेली नव्हती. उलट केंद्रातला पंखा एकदम जोरात फिरायला लागला, बल्ब डोळे दिपतील असा पेटला आणि त्याच वेळी समोरच्या घरात मात्र दिवे मिणमिणते झाले. काही मिनिटांनी प्रिंटरमधून 'फट्' असा आवाज आला. नंतर वायरमनने डीपीजवळ येऊन तार जोडली.

एका घरात उजेड वाढतो आणि शेजारी कमी होतो, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात आणि गावातली घरं तीन फेजवर वाटलेली असतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रल मागे कुठे तुटला की घरांना परतीचा रस्ता उरत नाही. मग एका फेजवरची घरं दुसऱ्या फेजवरच्या घरांशी एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतं. ते साडेतीनशेच्या पुढेही जाऊ शकतं.

वीज कडाडल्यावर तारेतून येणारा झटका सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता असतो. न्यूट्रल तुटल्यावरचं वाढलेलं व्होल्टेज मिनिटं-मिनिटं टिकतं. ताईंनी स्पाइक गार्ड लावलेला होता आणि "तरी कामून गेलं?" असं त्यांनी विचारलं. स्पाइक गार्डच्या आत वेरिस्टर नावाची चकती असते. ती क्षणभराचा झटका स्वतःवर घेते. सलग दोन मिनिटं जादा व्होल्टेज आलं तर ती तापून फुटते आणि मागच्या यंत्राला वाचवत नाही.

संगणक मात्र चालू होता, कारण तो यूपीएसवर होता. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावत नाहीत आणि ते बरोबरच आहे. कागदावर टोनर भाजणारा फ्यूजर तापताना क्षणभर सात-आठशे वॅट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. केंद्रातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्यामुळे तो लगेच किंचाळून बंद पडतो. म्हणून गावोगावच्या केंद्रांमध्ये संगणक सुरक्षित असतो आणि प्रिंटर थेट भिंतीच्या बोर्डावर, उघड्यावर असतो.

मशीन काय सांगत होतं

चांगला लेझर प्रिंटर चालू केला की त्याचा एक ठरलेला क्रम असतो. पंखा फिरतो, स्कॅनरची पट्टी थोडी सरकून जागेवर येते, मुख्य मोटर काही सेकंद घरघरते आणि पडद्यावर तयार असल्याचं अक्षर येतं. या मशीनमध्ये यातलं काहीच झालं नाही. पडद्याचा उजेड लागला, पण वरच्या ओळीत एकही अक्षर नव्हतं, नुसते भरीव चौकोन होते.

ही खूण मला फार मोलाची वाटते. दोन ओळींच्या या पडद्याला वीज मिळाली आणि काय दाखवायचं ते कोणी सांगितलं नाही की तो असेच चौकोन दाखवतो. म्हणजे पडद्यापर्यंत वीज पोहोचलेली आहे, पण मेन बोर्डावरचा प्रोसेसर बोलत नाही. कार्ट्रिज संपलं, कागद अडकला किंवा झाकण उघडं राहिलं तर मशीन शब्दांत तक्रार करतं. तक्रार करायलाही प्रोसेसर जिवंत लागतो.

यूएसबी केबल लावून पाहिली. विंडोजने काहीही आवाज केला नाही, नवं काही दिसलंही नाही. इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पडदा नीट चालतो, झेरॉक्स निघते, पण संगणकावर `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` असं येतं, तर आधी केबल आणि संगणकाचा पोर्ट बदलून बघावा. तरीही तेच आलं तर बहुतेक वेळा बोर्डाचा फक्त यूएसबीचा भाग भाजलेला असतो. अशा मशीनला वाय-फाय किंवा नेटवर्कची सोय असेल तर बोर्ड न बदलता त्या वाटेने काम चालू ठेवता येतं. ताईंच्या मशीनला ना नेटवर्क होतं, ना झेरॉक्स निघत होती.

आधी पॉवर बोर्ड, मग इंजिन, मग मेन बोर्ड

झटक्याच्या मशीनमध्ये मी थेट मेन बोर्डावर जात नाही. पहिली पाळी पॉवर बोर्डाची. यावर एक मोठा कॅपॅसिटर असतो, त्यात २३० व्होल्टवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. तो रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि मीटरने खात्री करायची. पेचकसाने शॉर्ट करणारे बरेच आहेत. त्यात हातालाही धोका आहे आणि बोर्डालाही.

इथे दोन गोष्टी सापडल्या. फ्यूजच्या मागे वेरिस्टरची जागा रिकामी होती. त्या संध्याकाळी 'फट्' झालं ते त्याचंच. त्याने स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवला आणि मशीनचं बरंच काही वाचवलं. आधीच्या दुरुस्तीत फुटलेला वेरिस्टर कापून टाकला गेला आणि जागी दुसरा बसवला गेला नाही. त्याच्याशिवाय मशीन चालतं, पण पुढच्या झटक्याला मध्ये कोणीच उभं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मोठ्या कॅपॅसिटरचं डोकं किंचित फुगलं होतं. तो ४०० व्होल्टचा होता. घरात ३५० व्होल्ट आले तर त्याच्यावर जवळपास ४९५ व्होल्ट पडतात.

बाहेर पडणारा पुरवठा मात्र ठीक होता. मोटर आणि पंख्यासाठी २४ व्होल्ट, तर बोर्डासाठी ५ व्होल्ट. नुसता आकडा बघून मी थांबत नाही. २४ च्या लाईनवर ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लावून भार देतो. बल्ब स्थिर पेटला आणि मीटर २३.९ वरून हलला नाही. काही मशीनमध्ये मेन बोर्डाकडून इशारा मिळेपर्यंत २४ व्होल्ट येतच नाहीत. तिथे २४ नाहीत म्हणून पॉवर बोर्ड खराब ठरवणं चुकीचं ठरतं. या मशीनमध्ये तसं नव्हतं.

दुसरी पाळी इंजिनची, म्हणजे कागद ओढणं, लेझर, ड्रम, फ्यूजर या सगळ्या छापणाऱ्या भागांची. या जातीच्या मशीनमध्ये इंजिन चालवणारी सर्किट पॉवर बोर्डासोबत असते आणि मेन बोर्ड वेगळा, बाजूच्या झाकणाखाली असतो. त्यामुळे मेन बोर्डाला न विचारता चाचणीचं पान काढता येतं. त्यासाठी मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, त्यातून आतलं बटण दाबायचं. मी ते दाबलं आणि मशीनने कागद ओढून रेघांचं स्वच्छ पान बाहेर टाकलं. रेघा अखंड होत्या, टोनर बोटाने पुसला जात नव्हता.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वजनदार पुरावा हे एकच पान होतं. फ्यूजरला मुख्य लाईनचं व्होल्टेज थेट मिळतं, त्यामुळे झटक्यात तोही जाऊ शकला असता. पानाने सांगितलं की मोटर, लेझर, उच्च व्होल्टेजचा भाग आणि फ्यूजर शाबूत आहेत. ज्या मशीनमध्ये इंजिन आणि मेन बोर्ड एकाच पाटीवर असतात, तिथे ही सोय मिळत नाही आणि निर्णय जास्त अंधारात घ्यावा लागतो.

राहिला मेन बोर्ड. त्यावर ५ व्होल्टपासून ३.३ व्होल्ट आणि शेजारीच प्रोसेसरच्या गाभ्यासाठी १.२ व्होल्ट तयार होतात. ३.३ व्होल्ट बरोबर होते, म्हणून पडदा उजळत होता. १.२ च्या जागी मीटरवर ०.१ च्या आसपास आलं. यातून दोन शक्यता निघतात. १.२ व्होल्ट तयार करणारी छोटी चिप गेली असेल तर पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. प्रोसेसरच आतून शॉर्ट असेल तर बोर्ड संपला.

मीटरने गाभ्याच्या लाईनचा रोध मोजून हा निवाडा होत नाही, कारण चांगल्या प्रोसेसरचा रोधही तिथे खूप कमी असतो. म्हणून ती छोटी चिप काढून मी बाहेरच्या सप्लायमधून १ व्होल्ट दिले आणि करंटची मर्यादा १ अँपिअरवर ठेवली. सप्लाय लगेच मर्यादेला जाऊन टेकला आणि व्होल्टेज खाली बसलं. मग बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर फिरवला. जिथे उष्णता होते तिथे तो आधी उडतो. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावरचा थर बघता बघता सुकला, बाकी बोर्ड ओला राहिला. प्रोसेसर आतून शॉर्ट होता. ही चिप वेगळी मिळत नाही, मिळाली तरी तिच्याखालचे शेकडो जोड उचलून पुन्हा बसवण्याचा खर्च अशा मशीनला परवडत नाही.

एक प्रश्न उरला होता. पॉवर बोर्डाचा बाहेरचा पुरवठा शाबूत आहे, मग झटका प्रोसेसरपर्यंत गेला कसा? यूएसबीच्या खोबणीत धातूच्या कडेला काळा डाग होता. मी फोन करून ताईंना विचारलं, संगणकाच्या ज्या पोर्टला प्रिंटर होता तो चालतोय का? "नाही दादा, मागचा पोर्ट त्या दिवसापासून बंदच आहे. आम्ही पुढच्याला लावतोत." वाट सापडली. अर्थिंग नसलेल्या मशीनचा धातूचा सांगाडा आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमुळे अधांतरी व्होल्टेजवर असतो. त्या संध्याकाळी प्रिंटरचा आणि संगणकाचा सांगाडा यांच्यात मोठा फरक पडला आणि तो यूएसबी केबलमधून वाहिला. या बोर्डावर यूएसबीच्या डेटाच्या तारा थेट प्रोसेसरमध्ये जातात.

दुरुस्ती की नवं मशीन

ताईंसमोर तीन रस्ते होते. कंपनीच्या सेवा केंद्रातून नवा बोर्ड बसवून घेतला तर मजुरीसह सहा हजारांच्या वर जात होतं आणि बोर्ड यायला वेळ लागणार होता. वॉरंटी कधीच संपलेली होती. ती असती तरी बहुतेक वॉरंट्यांमध्ये विजेच्या झटक्याचं नुकसान धरत नाहीत. त्याच तोडीचं नवं मशीन सतरा हजारांना होतं. तिसरा रस्ता म्हणजे भंगारात निघालेल्या तशाच मशीनचा वापरलेला बोर्ड. तो हैदराबादहून २,२०० रुपयांत, एक महिन्याच्या हमीवर मिळत होता.

किंमत बघण्याआधी उरलेल्या मशीनचं आयुष्य बघावं लागतं. पडदा मेलेला, त्यामुळे पानांचा आकडा मशीन सांगू शकत नव्हतं. पण ताई रिफिलची वही ठेवत होत्या. २६ रिफिल, प्रत्येकी साधारण दीड हजार पानं, म्हणजे ३९ हजारांच्या आसपास. या आकाराच्या मशीनसाठी हे काही थोडं नाही. म्हणून फ्यूजरची फिल्म काढून उजेडात बघितली. चरे नव्हते, कडा फाटलेल्या नव्हत्या. कागद ओढणारं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं.

हिशेब असा बसला : बोर्ड २,२००, पॉवर बोर्डाचा वेरिस्टर, कॅपॅसिटर आणि फ्यूज मिळून २५०, रबर २००, मजुरी ८००. एकूण ३,४५०. नव्या मशीनच्या किमतीचा पाचवा हिस्सा. माझी स्वतःची रेघ अशी आहे की वापरलेला भाग घालून खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहत असेल आणि इंजिनचं पान स्वच्छ येत असेल तर दुरुस्ती करावी. निम्म्याच्या पुढे गेला तर करू नये. मधल्या पट्ट्यात फ्यूजरची अवस्था निर्णय करते. इथे फिल्म फाटलेली निघाली असती तर मी ताईंना नवं मशीन घ्यायला सांगितलं असतं.

बोर्ड मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाची मशीनं नेटवर्कसह आणि नेटवर्कशिवाय येतात, त्यांचे बोर्ड वेगळे असतात. म्हणून बोर्डावरच्या चिकटपट्टीचा पूर्ण क्रमांक फोटोसह पाठवायचा. दुसरं म्हणजे त्यातलं फर्मवेअर, म्हणजे बोर्डात कायम भरलेलं, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. काही मशीनचं नवं फर्मवेअर रिफिल केलेल्या कार्ट्रिजची चिप नाकारतं. ताई रिफिलवरच चालतात, म्हणून विकणाऱ्याकडून रिफिलच्या कार्ट्रिजवर छापून दाखवलेला व्हिडिओ मागवला आणि मगच पैसे पाठवले.

बोर्ड बसवण्याआधी पॉवर बोर्डाचं काम पूर्ण केलं. त्याच जागी ४७१ आकडा छापलेला वेरिस्टर, तेवढ्याच क्षमतेचा नवा कॅपॅसिटर आणि मूळ क्षमतेचा फ्यूज. फ्यूज मोठा टाकायचा नाही आणि तारेचा तुकडा तर कधीच नाही. मग बोर्ड जोडला. चौकोन गेले, पट्टी सरकली, मोटर घरघरली.

केंद्रावर नेऊन जोडल्यावर लगेच "अजून बी प्रिंट येईना" असं झालं. त्यात बिघाड नव्हता. बोर्डाबरोबर मशीनचा अनुक्रमांकही बदलला होता, म्हणून विंडोजने त्याला नवं यंत्र समजून नावापुढे `(Copy 1)` लावून दुसरा प्रिंटर तयार केला होता. ताईंची कामं मात्र जुन्या, आता ऑफलाइन दिसणाऱ्या नावाकडे जात होती. जुनं नाव काढून नव्याला डिफॉल्ट केलं. पानांचा आकडाही आता बोर्ड ज्या मशीनमधून आला त्याचा दिसतो. तो वहीत लिहून ठेवला, म्हणजे पुढचा हिशेब जुळेल.

मग भिंतीचा बोर्ड तपासला. फेज-न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट होते. फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर तो पेटलाच नाही. तिसऱ्या भोकाला तार होती, पण ती मीटरजवळ नुसती लोंबत होती. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जुन्या अर्थिंगचा मातीशी संबंध सुटतो, पण इथे तेवढंही नव्हतं. गावातल्या वायरिंगवाल्याकडून नवा खड्डा घेऊन अर्थिंग करवलं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायला सांगितलं.

अर्थिंगने यूएसबीची वाट बंद होते. न्यूट्रल तुटल्यावर वाढणारं व्होल्टेज मात्र अर्थिंगने थांबत नाही. त्यासाठी मेन स्विचजवळ व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला. २७० व्होल्टच्या वर गेलं की तो लाईन तोडतो आणि व्होल्टेज सरळ झाल्यावर थोडा थांबून जोडतो. तो आठ-नऊशे रुपयांत आला. वारं सुटलं की प्रिंटरचा प्लग आणि यूएसबी केबल दोन्ही काढायचं, हेही सांगितलं. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, कारण बऱ्याच जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकून न्यूट्रलवर असतो आणि केबल तर जोडलेलीच राहते.

ताईंचं मशीन दिवाळीनंतरही त्याच बोर्डावर चालू होतं. पीकविम्याची गर्दी त्याने काढली.

त्याच संध्याकाळी त्याच डीपीवर एका शिकवणीच्या वर्गातला शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटरही गेला होता. तोही माझ्याकडे आला आणि त्याचा निर्णय उलटा झाला. त्याच्या मेन बोर्डावर प्रिंट हेड चालवणारे ट्रान्झिस्टर जळाले होते. हेडच्या पट्टीवर मोजलं तर हेडही शॉर्ट. शॉर्ट हेडवर नवा बोर्ड लावला की तो पहिल्याच चालू करण्यात जळतो, म्हणून दोन्ही एकदम बदलणं भाग होतं. शिवाय या जातीत प्रत्येक हेडची नोंद बोर्डातल्या मेमरीत असते, ती नव्याने भरली नाही तर रंग बिघडतात. बोर्ड, हेड आणि मजुरी मिळून साडेसात हजार होत होते आणि तसंच नवं मशीन साडेबारा हजारांना मिळत होतं. वर्गाच्या सरांना मी नवं घ्यायला सांगितलं. जुन्यातली शाई काढून बाटल्यांत भरली, पॉवर सप्लाय आणि स्कॅनरची काच सुट्या भागांसाठी ठेवली आणि बाकीचं मशीन नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे दिलं.